सत्तेचाळीस नंबरचा दिवा

माझे काका इंदूरजवळच्या एका लहान गावात टेलिफोन ऑपरेटर होते. १९७४ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा तिथल्या फोनला डायल नव्हती. रिसीव्हर उचलला, की एक्स्चेंजमधल्या बोर्डावर तुमच्या नंबराचा बारीक दिवा लागे. ऑपरेटर त्याखालच्या जॅकमध्ये प्लग खुपसून "नंबर प्लीज" म्हणे. म्हणूनच पाच वर्षांच्या पोरालाही फोन लावता येई, फक्त उचलायचा.

रात्री दोनला ४७ चा दिवा लागला. पलीकडून बारीक आवाज, "काका, आजोबा भिजलेत, आणि ते..." पुढे काहीच नाही.

पोरं खेळ म्हणून फोन उचलत, पण मग खुदकन हसून ठेवून देत. ठेवला, की कॉर्डपाशी दुसरा दिवा लागे. तो लागला नव्हता. म्हणजे रिसीव्हर खालीच पडलेला होता, आणि तसा असताना घंटी वाजवून पोराला परत बोलावता येत नाही. काकांनी ४७ चा प्लग तसाच ठेवला. कानात लांबून रडणं येत होतं.

रात्रपाळीला एकटा माणूस. बोर्ड सोडून जाता येत नसे. ४७ कुणाचा, ते यादीत होतंच. दुसरी कॉर्ड घेऊन त्यांनी आधी डॉक्टरांची घंटी वाजवली.

"काय झालंय?"

इथे मला काका फार आवडतात. 'बेशुद्ध' नाही, 'ताप' नाही. स्वतःचं काहीच घातलं नाही. "डॉक्टरसाहेब, पोरगं म्हणालं, आजोबा भिजलेत. एवढंच."

डॉक्टर क्षणभर गप्प. आजोबा त्यांचेच पेशंट, इन्सुलिन घेणारे. साखर फार उतरली, की माणूस घामानं निथळतो, मग बरळतो, मग उठवला तरी उठत नाही. "निघालो. शेजारच्यांना सांगा, शुद्धीत नसतील तर तोंडात काही घालू नका, नुसतं कुशीवर वळवा." घरात गूळ-साखर असतेच, आणि घाबरलेला माणूस तीच आधी तोंडात कोंबतो. ती श्वासनलिकेत गेली तर जीव गुदमरतो.

मग शेजारच्या घराची घंटी. बराच वेळ कुणी उचलेना. शेवटी एक वहिनी उठल्या. काकांनी निरोप शब्दशः दिला.

थोड्या वेळानं ४७ च्या कॉर्डवरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कडी. कडी उंच होती. नातू खुर्चीवर चढला होता. वहिनींचा आवाज, मग डॉक्टरांचा. ग्लुकोज थेट शिरेतून द्यावं लागलं.

काही मिनिटांनी कुणीतरी जाड आवाजात पाणी मागितलं. रिसीव्हर जागेवर गेला, कॉर्डचा दिवा लागला, आणि काकांनी प्लग ओढला.