आबांना पत्र

लेकीनं अकराव्या वर्षी आबांना पहिलं पत्र लिहिलं. माझ्या थोरल्या भावाकडे अमेरिकेत गेल्यापासून आबा व्हिडिओ कॉलवर दिसतात, पण तिथं "जेवलात का?"च्या पुढं बोलणं सरकत नाही. कागदावर मात्र ती थेट जूनपासून सुरू झाली. शाळेपुढं साचलेलं पावसाचं पाणी, मग फेब्रुवारीतली पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुणांचे. गणित बरं गेलं; बुद्धिमत्ता चाचणीत आरशातल्या आकृत्यांनी घोळ घातला. हे तिनं मला सांगितलं नव्हतं.

पत्रासोबत तिनं चित्रही काढलं. त्यात सोयाबीनचं रान, लिंबाचं झाड आणि रुमाल बांधलेले आबा. तेलखडू घडीवर सुटतो, समोरच्या अक्षरांना डाग लावतो. म्हणून रंगावर बटर पेपर ठेवला. घडी कुठं घालायची ते तिनंच ठरवलं : लिंबावरून, आबांवरून नको. निळ्या हवाई पत्रात वेगळा कागद घालता येत नाही, म्हणून साधं पाकीट घेतलं. शिरूर अनंतपाळच्या पोस्टात ते काट्यावर ठेवलं. वजनाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचाच. पत्ता रोमन अक्षरांत, शेवटच्या ओळीत देशाचं नाव.

मला मात्र चित्रातली एक गोष्ट राहून राहून आठवते. आबांच्या शेजारी तिनं रिकामी बाज काढलीय. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाली, "असू द्या की, बाबा." आबा परत येणार असं तिला कुणी सांगितलं, की तेच बोलता बोलता म्हणाले? भावाला विचारावं म्हणतो. पण मग तारखेचंही बोलावं लागेल.