गोलपोस्टचं वजन मागे हवं

मावळातल्या गावमैदानावर किंवा लोणावळ्यात हलवता येणारा लोखंडी गोलपोस्ट दिसला, तर आधी त्याची जमिनीवरची मागची पट्टी बघा. वजन बहुतेक पुढच्या चौकटीत असतं, त्यामुळे तो पुढेच कोसळतो, गोलकीपरच्या अंगावर.

हिशेब सोपा आहे. समजा पोस्ट 100 किलोचा, गुरुत्वमध्य पुढच्या खांबांपासून 30 सेंटिमीटर मागे आणि आडवा दांडा 2.44 मीटर उंच. दांड्याला पुढे जेमतेम 12 किलोचा ओढा बसला की पोस्ट उलटू लागतो. लोंबकळून झोका घेणारं मूल तेवढा सहज देतं. दीड मीटर मागच्या पट्टीवर 40 किलो वाळूची पोती बांधली, तर 37 किलोचा ओढा लागेल. तीच पोती खांबाच्या पायाशी ठेवली, तर उपयोग शून्य.

फक्त खुंट्यांवर आमच्या पावसात विसंबू नका, भिजलेली माती त्यांना सोडते. खेळाआधी एका मोठ्या माणसाने खांब बाहेरच्या बाजूने धरून पुढे ओढावा, दुसऱ्याने मागची पट्टी बघावी. ती उचलली गेली, तर खेळ नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने 2011 मध्ये असे पोस्ट पक्के बांधण्याचा कायदाच केला, सहा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर.

पोस्ट पोटावर आदळला असेल, तर मूल हसत असलं तरी लगेच रुग्णालयात न्या. प्लीहेतला रक्तस्राव कधीकधी काही तासांनी कळतो.