एकशे अठरा पानांचा ताबा

मामेबहिणीनं पाठवलेली पीडीएफ एकशे अठरा पानांची होती. पुण्याजवळच्या एका बांधकाम प्रकल्पातल्या सदनिकेच्या करारनाम्याचा हा मसुदा सगळा इंग्रजीत होता. सदनिकेची किंमत 72 लाख. टोकन म्हणून तिनं दोन लाख दिले होते आणि बिल्डरच्या कार्यालयातून नोंदणीची घाई चालली होती. ती शाळेत गणित शिकवते. तिचं म्हणणं एवढंच होतं, "ताई, मला दोन पानांत सांग, यात काय लिहिलंय आणि मी वकिलांना काय विचारू."

मी वकील नाही, पण एका वकिलांच्या कार्यालयात दस्तांचे मसुदे तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. तिथं एक सवय लागली. पहिल्या पानापासून वाचत जाऊन प्रत्येक कलमाचं एकेक वाक्य लिहायचं नाही. तसं केलं तर जमिनीच्या मालकीचा वीस पानी इतिहास सारांशात अर्धं पान खातो आणि ज्यात पैसे अडकणार असतात ते एका ओळीत उरकतं. मी आधी प्रश्न लिहून काढते. काय मिळणार, केव्हा मिळणार, पैसे कधी द्यायचे, उशीर झाला तर काय, आणि माझ्या सहीनं मी कशाला होकार देतेय. मग प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दस्तात जिथं जिथं विखुरलेलं असेल तिथून गोळा करते.

दुसरी तयारी म्हणजे तुलनेसाठी नमुना समोर ठेवणं. महाराष्ट्रात रेराच्या नियमांसोबत विक्री करारनाम्याचा आदर्श नमुना दिलेला आहे. बिल्डरचा मसुदा त्यावरूनच बेतलेला असतो, त्यामुळे नमुन्यापासून तो कुठं हटला आहे हे पाहिलं की निम्मं काम होतं. या पीडीएफमधली परिशिष्टं मात्र स्कॅन केलेली होती. शोध घेतला तर त्यांतलं काहीच सापडत नव्हतं, म्हणून ती पानं छापून डोळ्यांनीच वाचली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ताब्याच्या तारखेवर. सहाव्या कलमात ठळक अक्षरांत 31 डिसेंबर 2027 ही तारीख होती. बहिणीनं तेवढीच वाचली होती आणि घरभाड्याचा हिशेब तिच्यावरच मांडला होता. पण वाक्याची सुरुवात ताबा 'देण्याचा प्रयत्न करील' अशी होती. सारांश लिहिताना असे शब्द पहिल्यांदा गळतात, आणि 'देईल' असं लिहिलं की दस्तात नसलेलं वचन आपण पदरचं घालतो. त्याच कलमात पुढं सहा महिन्यांची सवलत होती, म्हणजे तारीख जून 2028 वर गेली. शिवाय 'अपरिहार्य कारणं वगळून' असं लिहिलं होतं, आणि त्या कारणांची व्याख्या नवव्या पानावर होती. नमुन्यात युद्ध, दंगल, नैसर्गिक आपत्ती आणि शासनाचे किंवा न्यायालयाचे आदेश एवढीच कारणं आहेत. इथं त्यात मजुरांची टंचाई, वाळू-सिमेंटचा तुटवडा, इतर ग्राहकांनी थकवलेले हप्ते आणि शेवटी 'प्रवर्तकाच्या नियंत्रणाबाहेरचं कोणतंही कारण' यांची भर घातलेली होती. हे सगळं धरलं तर 2027 ही तारीख पाळण्याचं बंधन कुणावरच उरत नव्हतं. महारेराच्या डिसेंबर 2022 च्या आदेशाप्रमाणे हे कलम नमुन्याप्रमाणेच ठेवावं लागतं, म्हणून सारांशात याला लाल खूण केली आणि तीनही जागांचे पान क्रमांक एकत्र दिले.

मग उशीर झालाच तर काय? चौदाव्या कलमात भरपाई होती, चटई क्षेत्राच्या दर चौरस फुटाला महिन्याला पाच रुपये. सदनिका 624 चौरस फुटांची, म्हणजे महिन्याला 3,120 रुपये. रेरा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे ग्राहकाला करारातून बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागता येतात. त्याला थांबायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मिळतं, तेही भरलेल्या रकमेवर. नमुन्यातल्या वेळापत्रकाप्रमाणे सगळे स्लॅब पूर्ण होईपर्यंत जास्तीत जास्त 70 टक्के, म्हणजे इथं 50 लाख 40 हजार भरलेले असतात. दर स्टेट बँकेच्या कर्जदराशी जोडलेला आणि त्यावर दोन टक्के असा असतो. हिशेबापुरता तो दहा टक्के धरला तरी महिन्याचे 42,000 होतात. हे दोन आकडे मी शेजारीशेजारी लिहिले. बहीण त्या ओळीवर बोट ठेवून थांबली आणि म्हणाली, "मग हे पाच रुपये मी मान्य करतेय, असं सही करून सांगायचं?"

त्याच कलमाच्या पुढच्या परिच्छेदात तिचा हप्ता चुकला तर तिच्याकडून 18 टक्के व्याज घ्यायचं होतं. कायद्यात व्याजाची व्याख्याच अशी आहे की ग्राहकानं द्यायचा आणि बिल्डरनं द्यायचा दर एकच असला पाहिजे. हीही लाल खूण.

तिसरी जागा पंच्याऐंशीव्या पानावर होती, 'संकीर्ण' या मथळ्याखाली. इमारतीच्या मंजूर नकाशात पुढं होणाऱ्या कुठल्याही बदलाला ग्राहकाची आताच, मागे न घेता येणारी संमती आहे, असं तिथं म्हटलं होतं. दोन मजले वाढले, बागेच्या जागी पार्किंग आलं, तरी ती आधीच हो म्हणून बसलेली. कायद्याच्या कलम 14 प्रमाणे अशा बदलांसाठी दोन तृतीयांश सदनिकाधारकांची आगाऊ लेखी संमती लागते, आणि बदल नेमका काय हे न सांगता घेतलेली सरसकट संमती ग्राह्य नाही, अशी मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका राहिलेली आहे. म्हणजे कोर्टात हे कलम बहुधा टिकणार नाही. पण कोर्टात जाण्याची वेळच का यावी, म्हणून खूण केलीच.

सारांशाच्या दोन पानांत मी प्रत्येक मुद्द्याच्या तीन ओळी ठेवल्या. पहिल्या ओळीत दस्तात काय आहे ते साध्या मराठीत, माझं मत न मिसळता. दुसरीत कलम आणि पान क्रमांक, म्हणजे वकिलांना मूळ वाक्य लगेच सापडतं. तिसरीत विचारायचा प्रश्न. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणजे सात लाख वीस हजारांच्या आतच थांबायचं, हे मात्र वर चौकटीत लिहिलं, कारण तिच्याकडून आणखी सहा लाखांचा धनादेश मागितला जात होता आणि आधीच्या दोन लाखांसह ते आठ झाले असते. मालकी हक्काच्या दाखल्यावर आणि जमिनीच्या जुन्या खरेदीखतांवर मी काहीच लिहिलं नाही. तिथं फक्त 'वकिलांकडून शोध अहवाल घ्यावा' एवढंच, कारण ते मूळ कागद बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

तिच्या वकिलांनी पत्र पाठवल्यावर बिल्डरकडून सुधारित मसुदा आला. व्याजाचा दर सारखा झाला होता, पाच रुपयांचं कलम गेलं होतं, सहाव्या कलमात 'प्रयत्न करील'च्या जागी 'देईल' आलं होतं आणि संमतीचा परिच्छेदही काढला होता. सहा महिन्यांची सवलत मात्र त्यांनी सोडली नाही. बहिणीनं ते मान्य केलं आणि जून 2028 पर्यंतचं घरभाडं हिशेबात धरलं.

सुधारित प्रत मी पुन्हा जुन्या प्रतीशी पानागणिक ताडून पाहिली. नवव्या पानावरची व्याख्या जशीच्या तशी होती, मजूर आणि वाळूसकट. मुख्य कलम दुरुस्त झालं तरी ते ज्या व्याख्येवर उभं होतं ती कुणी उघडलीच नव्हती. वकिलांनी दुसरं पत्र पाठवलं, ती यादी नमुन्याइतकी झाली, आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सहीसाठी प्रत आली तेव्हा बहिणीनं सगळ्यांत आधी नववं पान उघडलं.