मेसेज आला, नोटा नाही आल्या



आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईच्या मुलीची कॉलेजची फी शुक्रवारी भरायची होती, शेवटची तारीख. दहा हजार रुपये द्यायचं मी कबूल केलं होतं. गुरुवारी दुपारी वर्धमाननगरच्या एका एटीएमवर गेले. कार्ड माझ्या बँकेचं, मशीन दुसऱ्या बँकेचं. आत नोटा मोजल्याचा खडखडाट झाला, मग पडद्यावर ‘व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही’ असं आलं आणि नोटा काही बाहेर आल्या नाहीत. इतक्यात पर्समधला मोबाइल वाजला. खात्यातून १०,००० रुपये वजा!

ताई सोबतच होती. म्हणाली, "काकू, आता कसं करू वं मी?"

आधी मी नोटा येतात ती फट नीट पाहिली. कधी कधी चोर तिथे पट्टी चिकटवून ठेवतात, नोटा मागे अडकतात आणि आपण निघून गेलो की ते काढून घेतात. तसं काही नव्हतं. मग वेळ, मशीनवर लिहिलेला एटीएमचा नंबर आणि मेसेज असं सगळं जपून ठेवलं. भिंतीवर ‘कस्टमर केअर’चा एक मोबाइल नंबर चिकटवला होता, त्यावर फोन करणारच होते, पण हात आवरला. असे नंबर बहुतेकदा ठगांचे असतात, पिन किंवा ओटीपी विचारतात. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन केला आणि तक्रार क्रमांक लिहून घेतला. मशीन कोणाचंही असो, तक्रार आपल्याच बँकेकडे करायची.

फीचे पैसे ह्यांच्या खात्यातून काढून दिले. तो प्रश्न त्याच दिवशी सुटला.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सात वर्किंग डे लागतील आंटी." बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली तरी हिशेब सुटत नाही! सात कामाच्या दिवसांचा नियम जुना आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नवं परिपत्रक काढलं, ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे. एटीएममधून पैसे न निघता खात्यातून वजा झाले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ते परत जमा करायचे. तेही तक्रारीची वाट न पाहता. हे पाच दिवस कॅलेंडरचे, म्हणजे रविवार आणि सुट्ट्याही धरायच्या. माझा व्यवहार गुरुवारचा. शुक्रवार पहिला दिवस, मंगळवार पाचवा. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही बँकेने आपण होऊन द्यायची.

मग पैसे लगेच का येत नाहीत? मशीन कप्प्यातून किती नोटा गेल्या ते आपल्या नोंदीत लिहितं. पैसे भरणारी माणसं पेटी उघडून मोजतात तेव्हा दिलेच नाहीत ते दहा हजार जास्त निघतात. मग दोन्ही बँकांच्या नोंदी जुळवतात. मशीनला नोटेची किंमत कळत नाही, बरं का. २०२२ च्या जूनमध्ये आपल्या खापरखेड्याच्या एका एटीएममधून पाचशे मागितले की पाचशेच्या पाच नोटा येत होत्या, कारण शंभरच्या कप्प्यात पाचशेच्या नोटा भरल्या गेल्या होत्या! लोकांची रांग लागली, शेवटी पोलिसांनी एटीएम बंद केलं.

मंगळवार गेला, पैसे नाहीत. बुधवार, गुरुवार तसेच. रोज पासबुक पाहणं चाललंच होतं. शुक्रवारी सकाळी मेसेज आला, दहा हजार जमा. फक्त दहा हजार. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दिवसांचे तीनशे नव्हते.

हे म्हणाले, "अगं, मुद्दल मिळालं ना, सोड." मला ते पटेना. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी बोलतो आणि हे मात्र सोडून द्यायचं? तक्रार क्रमांक आणि दोन्ही मेसेजच्या तारखा घालून बँकेला मेल लिहिला, परिपत्रकाचा उल्लेखही केला. चार दिवसांनी तीनशे रुपये आले.

कधी कधी बँक म्हणते, ‘आमच्या नोंदीत व्यवहार यशस्वी आहे.’ तेव्हा गप्प बसू नका. मशीनची नोंद, त्या दिवसाचा रोकड ताळेबंद आणि कॅमेऱ्याचं चित्रण तपासा, असं लेखी मागा, आणि लवकर मागा, कारण चित्रण कायम ठेवत नाहीत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

ताईची मुलगी परवा कॉलेजचं ओळखपत्र दाखवायला आली होती. तिचंही बँकेत नवं खातं उघडलंय. तिला आधी कार्डाच्या मागचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करायला लावला.