महाडला किती दिवस उरले? आकडा बरोबर हवा



20 मार्च 2027 ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला 100 वर्षे पूर्ण होतील. आमच्या कोलशेतच्या टेलिग्राम ग्रुपच्या माहितीत "महाडला इतके दिवस बाकी" हा आकडा रोज आपोआप बदलावा, असं पोरांनी ठरवलं. एकाने विचारलं, नुसता आकडा बघायचा तर भिंतीवरचं कॅलेंडर काय वाईट? प्रश्न रास्त होता. म्हणून आकड्याशेजारी तारीख, गाडीची वेळ आणि चालू मोहीम (सध्या वह्या-पेन जमा करणं) एवढं लिहितो. मर्यादा 255 अक्षरांची आहे, तेवढ्यात हे बसतं.

त्यासाठी बॉटफादरकडून एक बॉट घ्यायचा, त्याला अ‍ॅडमिन करून ग्रुपची माहिती बदलायचा अधिकार द्यायचा आणि `setChatDescription` ला नवा मजकूर पाठवायचा. ग्रुपचा फोटोही रोज बदलावा, अशी काहींची हौस होती. मी विरोध केला. फोटो बदलला की प्रत्येक वेळी "फोटो बदलला" अशी ओळ चॅटमध्ये पडते. रोज ती आली की लोक ग्रुप म्यूट करतात, मग गाडीची सूचनाही कोणी वाचत नाही. माहितीतला मजकूर मात्र गुपचूप बदलतो. फोटो फक्त मोहीम बदलल्यावर बदलायचा.

खरी गोम वेळेत आहे. हे काम रोज गिटहब अ‍ॅक्शन्स करतं आणि त्याचं घड्याळ यूटीसीवर चालतं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. आम्ही `37 18 * * *` ही वेळ दिली, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे 12:07. तिथल्या घड्याळात बरोबर तासाच्या ठोक्याला गर्दी असते आणि काम उशिरा सुरू होतं, 18:37 ही वेळ त्यापासून दूर आहे.

पण त्या क्षणी यूटीसीत अजून कालचीच तारीख असते. नुसतं `date.today()` लिहिलं तर 19 मार्चला दिवसभर "2 दिवस बाकी" दिसेल. गाडी निघणार 19 च्या रात्री. आकड्यावर विसंबलेला माणूस दुसऱ्या रात्री पिशवी भरून उभा राहील! दुपारी चाचणी घेतली तर ही चूक सापडत नाही, कारण तेव्हा दोन्हीकडे तारीख एकच असते. चाचणी मध्यरात्र ते पहाटे साडेपाचच्या दरम्यानच घ्यावी. उपाय दोन ओळींचा:

```python
aaj = datetime.now(ZoneInfo("Asia/Kolkata")).date()
baki = (date(2027, 3, 20) - aaj).days
```

आणखी एक. सार्वजनिक रिपॉझिटरीत 60 दिवस काहीच बदल झाला नाही तर गिटहब हे वेळापत्रक बंद करतं. आकडा दोन दिवस तोच दिसला की आधी हे तपासा.

21 मार्चला "-1 दिवस बाकी" दिसू नये म्हणून पुढची तारीख आताच भरून ठेवली आहे: 25 डिसेंबर 2027, मनुस्मृती दहनाची शताब्दी. त्या सकाळी ग्रुपवर 279 दिसायला हवं.