शंभरापैकी अडतीस

आमच्या मंडळातले नाना गेल्या फेब्रुवारीत ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसताना छातीला हात लावून खाली बसले. अँब्युलन्स वेळेवर आली आणि त्याच दुपारी स्टेंट बसला. पाचव्या दिवशी नाना घरी आले, ते हातात एक कागद आणि सीडी घेऊनच. कागदावर लिहिलं होतं, 'ईएफ ३८ टक्के'.

नाना सांगलीकडे तीस वर्षं गणित शिकवून इकडे ब्रॅम्प्टनला मुलाकडे आलेले. टक्के म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर मार्कलिस्टच येते. "पस्तीसला पास. म्हणजे काठावर सुटलो. आणि बासष्ट टक्के हृदय मेलं," असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. वरच्या मजल्यावरची खोली सोडली आणि खाली सोफ्यावर झोपायला लागले. माईंनी मला फोन केला, कारण मी एको काढणारी टेक्निशियन. कामावर असताना आम्ही पेशंटला निष्कर्ष सांगत नाही, ते काम डॉक्टरांचं. पण नानांचा रिपोर्ट झालेला होता आणि मी त्यांच्याकडे चहाला गेले होते.

लॅपटॉपवर सीडी लावली. चार कप्प्यांचं चित्र आलं तसे नाना म्हणाले, "हे उलटं आहे का गं?" प्रश्न बरोबर होता. प्रोब डाव्या बाजूला, हृदयाच्या टोकाजवळ ठेवतात आणि जे प्रोबच्या जवळ ते चित्रात वर येतं. म्हणून टोक वर, झडपा मध्ये आणि वरचे दोन कप्पे खाली. शिवाय डावी बाजू पडद्यावर उजवीकडे दिसते. शरीराला रक्त पुरवणारा डावा मोठा कप्पा म्हणजे वर उजवीकडचा.

मग मी चित्र थांबवलं. खाली ईसीजीची रेघ असते. तिचा उंच सुळका सुरू होतो तिथे कप्पा सगळ्यात भरलेला असतो. त्यानंतर तो आकसत जातो आणि सगळ्यात लहान दिसतो तिथे दुसरी फ्रेम धरायची. दोन्ही फ्रेममध्ये आतल्या कडेवरून रेघ ओढली की मशीन त्या आकाराच्या चकत्या एकावर एक रचून घनफळ काढतं. हेच दुसऱ्या कोनातूनही करतात. नानांचा कप्पा भरलेला असताना १३० मिलिलिटर आणि आकसल्यावर ८०.

"म्हणजे बाहेर गेले ५०. पन्नास भागिले एकशेतीस, अडतीस," नाना म्हणाले.

"आता माझा कप्पा. १०० भरतो, ४० उरतात. किती?"

"साठ."

"मग माझं चाळीस टक्के हृदय मेलंय का?"

नाना गप्प झाले. कुठलंच हृदय पूर्ण रिकामं होत नाही. साधारण ५५ ते ७० हेच निरोगी. इथला पेपर शंभराचा नसतोच.

मग चित्र पुन्हा चालू केलं. झडपांजवळची भिंत प्रत्येक ठोक्याला आत येत होती आणि जाडही होत होती. टोकाकडची मात्र जवळजवळ स्थिर. अडलेली रक्तवाहिनी तिथलीच. पण ती भिंत पातळ, पांढुरकी पडलेली नव्हती. अ‍ॅटॅकनंतर काही स्नायू मेलेले असतात आणि काही नुसते बधिर. रक्त परत मिळाल्यावरही बधिर भाग जागा व्हायला आठवडे लागतात आणि तिसऱ्या दिवशीच्या चित्रात दोन्ही सारखेच निपचित दिसू शकतात. म्हणून डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा एको सांगितला होता. तेव्हाही, गोळ्या घेऊनसुद्धा, आकडा ३५ किंवा खाली राहिला तर छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचं का, याचा विचार होतो. योगायोगाने तिथेही पस्तीसच! पण तो निर्णय पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर सहसा घेत नाहीत. जिन्याचं विचारलं, तर घरी सोडतानाच्या कागदावर 'जिना चढायला हरकत नाही, सावकाश' असं छापलेलं होतं. ते पान कुणी उलटलंच नव्हतं.

मेमध्ये दुसरा एको झाला. १२४ आणि ६६. रिपोर्टवर ४७. टोकाची भिंत थोडी हलायला लागली होती, एक छोटा पट्टा तसाच. माईंनी लगेच विचारलं, "आता गोळ्या कमी होतील ना?" मी म्हटलं, आकडा गोळ्या चालू असताना वाढलाय, त्यांना हात लावायचा तो डॉक्टरांनी. आणि पुढच्या वेळी ४४ आला तर घाबरू नका. रेघ माणूस ओढतो, कड धूसर असते. त्याच हृदयाचा आकडा दोन हातांत पाचेक टक्के इकडेतिकडे होतो. भिंत कशी हलते ते आधी विचारा.

नाना डायरीत भागाकार करत होते. "सेहेचाळीस पूर्णांक आठ येतात," म्हणाले. "यांनी वरचे पॉइंट दोन फुकट दिलेत." आणि चष्मा आणायला वरच्या खोलीत गेले.