न मिळालेल्या व्याजावरचा कर

अब्बांच्या वाट्याची संत्र्याची बाग एका वर्षी चांगल्या भावात गेली. त्यातले दीड लाख रुपये त्यांनी माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "हे नातीच्या शिक्षणाचे. मधात हात लावू नको." मी चांदूर बाजारातल्याच एका बँकेत एफडी केली. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवायचं आणि शेवटी एकदम घ्यायचं, अशा प्रकारची. पावती कपाटात, कुराणशरीफच्या खालच्या खणात ठेवली आणि विसरून गेलो.

दोन वर्षांनी विवरणपत्र भरायला कर सल्लागाराकडे गेलो. पगाराचा फॉर्म १६ त्याच्यासमोर ठेवला. त्याने संगणकावर माझं वार्षिक माहिती विवरण उघडलं आणि विचारलं, "सर, हे व्याज काहून नाही दाखवलं?"

"कोणतं व्याज? मले तर एक रुपया मिळाला नाही. पावती अजून मोडली नाही."

"मिळाला नाही, पण जमा तर झाला ना."

मी वाद घातला. शिक्षक आहे, वाद घालतोच. बागेचं उत्पन्न शेतीचं, त्यावर कर नाही, मग याच्यावर कसा? तो शांतपणे म्हणाला, शेतीच्या पैशावर कर नाही, पण तो बँकेत ठेवल्यावर बँक जे देते ते शेतीचं राहत नाही. माझा दुसरा मुद्दा होता की बँकेने टीडीएस कापलेला नाही, म्हणजे कर लागत नसणार. तोही चुकीचा निघाला. टीडीएस एका मर्यादेच्या वर कापतात. ही मर्यादा तेव्हा वर्षाला ४० हजार व्याजाची होती, एप्रिल २०२५ पासून साठ वर्षांखालच्यांसाठी ५० हजारांची झाली. मर्यादेच्या आत बँक कापत नाही एवढंच, कर माफ होत नाही. आणि कापलेले दहा टक्के हाही पूर्ण कर नसतो. तुम्ही वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उरलेला स्वतः भरायचा. मी तेव्हा जुन्या पद्धतीत त्याच टप्प्यात होतो, उपकर धरून २०.८ टक्के.

दुखलं ते कराने नाही. अब्बांनी "मधात हात लावू नको" म्हटलं होतं आणि सरकार दरवर्षी मधातच हात घालत होतं. घरी येऊन वहीत हिशेब मांडला, वर्गात फळ्यावर मांडतो तसा.

तुलनेसाठी दोन्हीकडे ७.१ टक्के व्याज धरलं, वर्षातून एकदा मिळवलेलं. पीपीएफचा, म्हणजे पोस्टातल्या पंधरा वर्षांच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर एप्रिल २०२० पासून तोच आहे. त्या खात्याच्या व्याजावर कर नाही, आज नाही आणि शेवटी काढतानाही नाही. एफडीचा खरा दर बँकेप्रमाणे वेगळा असतो, पण आधी फक्त कराचा फरक बघायचा होता.

पहिल्या वर्षी दोन्हीकडे १०,६५० रुपये व्याज. एफडीवाल्याने त्यातले २,२१५ कराला दिले. (तो कर मी खिशातून भरला असता तरी पैसे माझेच गेले. म्हणून एफडीतूनच वजा धरले.) दुसऱ्या वर्षी पीपीएफला ११,४०६ व्याज मिळालं आणि एफडीला ११,२४९. फरक १५७ रुपयांचा. हे १५७ म्हणजे कराला गेलेल्या २,२१५ रुपयांनी मिळवलं असतं ते व्याज. दुसऱ्या वर्षाचा कर आणखी वेगळा.

१५७ रुपये चहापाण्यात जातात. पण पंधरा वर्षं ओढत नेलं तर पीपीएफमध्ये सुमारे ४ लाख १९ हजार ७०० होतात आणि एफडीत ३ लाख ४० हजार ८००. फरक जवळजवळ ७९ हजार. इथे मी वही परत तपासली, कारण पंधरा वर्षांत भरलेल्या कराची बेरीज ५० हजारांच्या आसपासच येत होती. मग उरलेले २९ हजार कुठे गेले? ते कोणी घेतलेच नाहीत. कराला गेलेले पैसे खात्यात असते तर त्यांना जे व्याज लागलं असतं, ते जन्मालाच आलं नाही. पावतीवर ते दिसत नाही, विवरणपत्रातही दिसत नाही.

पडताळा म्हणून तिसरी आकडेमोड केली. समजा कर तोच, पण दरवर्षी न घेता पंधराव्या वर्षी एकदाच घेतला. मग हातात ३ लाख ६३ हजार ६०० येतात. दर तोच, कराचा टक्का तोच, तरी जवळजवळ २३ हजार जास्त, कारण कराचे पैसे शेवटपर्यंत कामावर राहिले.

पीपीएफची बरोबरी करायला माझ्या टप्प्यातल्या माणसाला एफडी किती टक्क्यांची हवी? ७.१ ला ०.७९२ ने भागा. जवळजवळ नऊ टक्के.

बेगमने वही बघितली आणि तिचा प्रश्न वेगळाच होता. सूद घ्यायचाच कशाला? आमच्याकडे हा वाद जुना आहे, तो इथे सोडवत नाही. पण एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्यातले बरेच जण व्याज वापरत नाहीत, गरजूला देऊन टाकतात. तुम्ही ते देऊन टाकलं तरी कायद्याच्या नजरेत आधी ते तुमचं उत्पन्न झालेलं असतं. एफडीचं व्याज दान केलं म्हणून विवरणपत्रातून गाळता येत नाही.

पीपीएफही कुलूपच आहे. वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. खातं चालू ठेवायला दरवर्षी किमान ५०० भरावे लागतात. पंधरा वर्षं खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यावर मोजतात, म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ सोळा होऊ शकतात. सातव्या आर्थिक वर्षापासून काही भाग काढता येतो, त्याआधी पैसे काढता येत नाहीत. आणि दर कायमचा नाही. एफडीचा दर मुदतभर बांधलेला असतो, पीपीएफचा सरकार दर तिमाहीला जाहीर करतं आणि तो जुन्या शिलकेलाही लागतो. एके काळी तो १२ टक्के होता.

आता माझ्याच हिशेबाला मोठा अपवाद. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पगारदाराला ७५ हजारांची वजावट धरून पावणेतेरा लाख. माझा पगार आणि व्याज मिळून त्या रेषेच्या आत बसतं. म्हणजे आज माझी एफडीही करमुक्तच, आणि तुलना उरते फक्त दराची आणि कुलपाची. मुलीच्या शिक्षणाचे पैसे चार वर्षांत लागणार असतील तर मी आज नवं पीपीएफ उघडणार नाही. पण माझ्या एका सहकाऱ्याची बायकोही नोकरीला आहे, आणि त्यांच्या ठेवी त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत. त्याचा पगार आणि व्याज मिळून रेषा ओलांडली जाते. त्याच्यासाठी वरची वही अजून खरी आहे.

माझी एफडी मुदत संपल्यावर मी मोडली आणि दीड लाख त्याच वर्षी उघडलेल्या पीपीएफमध्ये टाकले. पोस्टातल्या बाईंनी तारीख बघून हसत विचारलं, "सर, पाच तारखेच्या आत कसे काय आले?" तिथे व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या सगळ्यात कमी शिलकेवर मोजतात. पाच एप्रिलच्या आत भरले तर एप्रिलचं व्याज धरलं जातं, सहाला भरले तर जातं. दीड लाखांवर तो एक महिना ८८७ रुपयांचा आहे. अब्बांना पासबुक दाखवलं. त्यांनी आकडे वाचले नाहीत, नातीचं नाव नॉमिनी म्हणून आहे का तेवढं विचारलं.